जिवाभावाची सहकारी चांगल्या नोकरीवर निघाली: मागे राहणाऱ्याने निरोपाचं पत्र कसं लिहावं

ऑफिसात फिरणाऱ्या निरोपाच्या कार्डांवर मी 'पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा' किती वेळा लिहिलं असेल, देव जाणे. ज्याच्याशी आपली ओळख लिफ्टपुरती होती, त्याला तेवढं पुरतं. पंचाईत होते ती दिवसातून वीस वेळा जिच्या खुर्चीकडे आपण वळतो, ती निघाली की. तिला इथल्यापेक्षा चांगली नोकरी मिळालेली असते, आपण आहोत तिथेच असतो, आणि लिहायला बसलं की कागदावर तीनपैकी एक काहीतरी उतरतं: शिफारसपत्र, रडगाणं किंवा बिल. शिफारसपत्रात 'मेहनती, हुशार, सदा हसतमुख' असतं. रडगाण्यात ऑफिस किती वाईट आहे ते असतं. बिलात 'तू चाललीस, आता माझं कसं होणार' असतं, आणि ते फेडायची जबाबदारी जाणाऱ्या माणसावर पडते.

इथे मी फक्त त्या एका माणसासाठी लिहायच्या खासगी पत्राबद्दल सांगते. उदाहरण माझंच आहे. मी हिशेब विभागात आहे. माझ्या शेजारच्या टेबलावर सहा वर्षं बसलेली मैत्रीण मोठ्या पदावर दुसरीकडे गेली, तेव्हा तिला दिलेलं पत्र मी तीनदा लिहिलं. पहिले दोन खर्डे का फुकट गेले, ते पुढे येईलच.

## 1. पेन उचलण्याआधी तीन गोष्टी पक्क्या करा

पहिली गोष्ट, बातमी कोणाकोणाला कळली आहे? राजीनामा दिला, तो मंजूर झाला आणि सगळ्यांना सांगितलं, या तिन्हींत बरेच दिवस जाऊ शकतात. तुम्हाला मैत्रीमुळे आधी कळलं असेल तर पत्राचा खर्डा ऑफिसच्या संगणकावर ठेवू नका, प्रिंटरवर तर नकोच. प्रिंटरच्या ट्रेमध्ये विसरलेल्या कागदाने किती बातम्या फुटल्या आहेत, ते कुठल्याही ऑफिसात विचारा.

दुसरी, शेवटचा दिवस. नोटीस पिरियडची तारीख कागदावर एक असते आणि उरलेल्या रजा त्यात धरल्या की प्रत्यक्षात दुसरीच निघते. 'तुझी रिलीव्हिंगची तारीख काय' यापेक्षा 'तू टेबलावर शेवटची कधी बसणार' असं विचारा. त्या दिवसाच्या आठ-दहा दिवस आधी पहिला खर्डा झालेला हवा. शेवटचा आठवडा हँडओव्हरमध्ये जातो, आणि तो बहुधा तुमच्याकडेच येतो. दिवसभर तिच्या फाइली समजून घेतल्यावर रात्री लिहिलेल्या पत्रात थकवा आणि चिडचिडच जास्त उतरते.

तिसरी, पत्र पोचणार कुठे? कागदावर लिहा, किंवा तिच्या घरच्या ईमेलवर पाठवा.

सावधान: तिच्या ऑफिसच्या ईमेलवर पाठवू नका. शेवटच्या दिवशी, कधीकधी दुपारीच, ते खातं बंद होतं आणि आतलं सगळं तिच्या हातून जातं. शिवाय ते खातं कंपनीचं असतं. नंतर तिच्या जागी येणाऱ्याच्या किंवा साहेबांच्या हाती ते सोपवलं जाऊ शकतं.

## 2. मनातली तक्रार आधी वेगळ्या कागदावर उतरवा

ही पायरी लोक गाळतात. मग तीच तक्रार पत्रात कुठून तरी डोकं वर काढते, बहुतेक वेळा विनोदाचं सोंग घेऊन.

दहा मिनिटं घड्याळ लावा आणि तिला कधीच दाखवणार नाही असा कागद लिहा. माझ्या कागदावर चार गोष्टी निघाल्या. तिचं काम माझ्या अंगावर पडणार. तिला जे पद मिळालं, ते मलाही हवं होतं. आता जेवताना कोणाजवळ बसायचं. आणि चौथी, जी लिहीपर्यंत माझ्या लक्षातही आली नव्हती: ती दोन महिने मुलाखती देत होती आणि मला एका शब्दाने बोलली नाही.

आता प्रत्येक ओळीपुढे लिहा, हे कोणाशी बोलायचं. कामाचा बोजा हा साहेबांशी बोलायचा विषय. पदाची इच्छा माझी, ती माझ्यापाशीच राहील. जेवणाच्या एकटेपणावर पत्राचा इलाज नाही. चौथी गोष्ट मात्र तिच्याशीच बोलायची होती, आणि ती तोंडी बोलायची होती.

माझ्या पहिल्या खर्ड्यात हे वाक्य होतं: 'तू इतकी गुपचूप तयारी केलीस की मानलं बाई तुला!' मला ते गमतीचं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी वाचलं तर त्यात नुसता टोमणा होता. मी खर्डा फाडला आणि संध्याकाळी निघताना तिला सरळ विचारलं, "मला आधी का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "साहेबांनी तुला विचारलं असतं. मग तुला खोटं बोलावं लागलं असतं, नाहीतर मला अडचणीत आणावं लागलं असतं." एवढंच. हे मी पत्रात लिहून ठेवलं असतं, तर तिला उत्तर द्यायला जागाच राहिली नसती आणि माझा टोमणा तिच्या कपाटात कायमचा राहिला असता.

तपासा: पत्रातल्या एखाद्या वाक्याला तिने उत्तर द्यावं, खुलासा करावा असं मनातून वाटतंय का? तसं असेल तर ते वाक्य बोलायचं आहे. पत्र लिहिण्याआधी बोला.

बोलायची संधी नसेल किंवा धीर होत नसेल, तर तो विषय पत्रातून पूर्ण गाळा. अर्धवट सूचित करू नका. जवळच्या माणसाला तुमचा अर्धवट सूर पूर्ण ऐकू येतो.

## 3. आठवणी दहा काढा, ठेवा एक

आता तिच्या बाजूचा कागद. आठवण म्हणजे दिवस, जागा आणि कोणीतरी बोललेलं किंवा केलेलं काहीतरी. 'ती नेहमी मदत करायची' ही आठवण नव्हे, तो आठवणींचा सारांश झाला. सारांश सुचला की स्वतःला विचारा, शेवटची मदत कधी, कशात?

मी असं करत गेले तेव्हा दहा-अकरा प्रसंग निघाले. त्यातले चार आमचे आतले विनोद होते. ते पत्रात वाईट दिसत नाहीत, पण त्यांचं वय कमी असतं. तीन वर्षांनी वाचताना ती डोकं खाजवेल. दोन प्रसंगांत तिसऱ्याची नालस्ती होती, म्हणून तेही कटाप. उरलेल्यांतून मी एक निवडला.

माझा तिसराच महिना होता. महिनाअखेरीला आमच्या नोंदी आणि बँकेचं स्टेटमेंट यांचा ताळमेळ लागत नव्हता, फरक 270 येत होता. मी चार तास एकेक नोंद टिक करत बसले होते. ती जाता जाता थांबली, फरक पाहिला आणि म्हणाली, "नऊने भाग जातो. कुठेतरी दोन आकडे उलटे पडलेत." आणि खरंच, 8,410 च्या जागी मी 8,140 मारलं होतं. शेजारचे दोन आकडे उलटे लिहिले गेले की फरकाला नेहमी नऊने भाग जातो. जुने हिशेबनीस हे जाणतात, मला कोणी सांगितलं नव्हतं. मग ती घरी गेली नाही. खुर्ची ओढून बसली आणि मी चूक स्वतः शोधीपर्यंत तिने तोंड उघडलं नाही. कुठे आहे ते तिला दोन मिनिटांत दिसलं असणार.

हा प्रसंग घ्यायचं कारण शेवटचं वाक्य. नऊची युक्ती कोणीही सांगितली असती. उत्तर माहीत असून गप्प बसणं तिचंच होतं.

तपासा: प्रसंगातलं तिचं नाव झाकून तिथे दुसऱ्या सहकाऱ्याचं घाला. प्रसंग तरी खरा वाटतो का? वाटत असेल तर तो तिचा नाही. दुसरा निवडा, किंवा त्यातच आणखी खोल जा.

प्रसंगाला जोडून एक गोष्ट लिहायची: त्यामुळे तुम्ही आज वेगळं काय करता. 'तुझ्याकडून खूप शिकले' असं लिहाल तर ती नम्रपणे मान हलवेल. माझं वाक्य होतं, 'परवा नवीन मुलाच्या शेजारी मी तशीच गप्प बसले.' हे तिला ठाऊक नव्हतं. जाणाऱ्या माणसाला पत्रातून एक तरी नवी बातमी मिळाली पाहिजे, आणि ती मागे राहणाराच देऊ शकतो. आपल्या पश्चात आपलं काय उरलं, हे जाणाऱ्याला दिसत नाही.

## 4. नव्या नोकरीबद्दल एकच वाक्य

इथे लोक सर्वाधिक घसरतात, आणि तीन दिशांना घसरतात.

'सुटलीस बाई एकदाची!' हे पहिलं. तुमच्या मते ही शाबासकी. पण तिची सहा वर्षं तुम्ही तुरुंगवास ठरवता आणि स्वतःला अजून आतला कैदी. ती तुमची कीव करत निघणार.

'तू याच्या कितीतरी पटीने लायक होतीस' हे दुसरं. ऐकायला गोड, पण त्यात मागे राहिलेल्यांचा निकालही लागतो, तुमच्यासकट.

पगाराचा किंवा पदाचा उल्लेख हे तिसरं. तिने विश्वासाने सांगितलेला आकडा कागदावर येता कामा नये, गमतीतही नाही.

मग लिहायचं काय? ही नोकरी तिला का शोभते, याचं तुम्हाला दिसलेलं एक कारण. तिच्या नव्या पदावर हाताखाली सहा जण असणार होते. मी लिहिलं, 'तिथल्या सहा जणांना प्रश्न विचारायला भीती वाटणार नाही, एवढं मी लिहून देते.' वर सांगितलेल्या प्रसंगाचाच हा पुढचा टप्पा आहे, त्यामुळे वेगळं कौतुक करावं लागलं नाही.

हेव्याचं काय? तो वाटतो, आणि जवळच्या माणसाला तो दिसतोही. माझं मत असं की मैत्री जुनी असेल तर तो एका वाक्यात कबूल करून टाकावा: 'थोडा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.' मात्र त्यापुढे दुसरं वाक्य नको. कारणं द्यायला लागलात की ती तुमची समजूत काढायला लागेल. मैत्री दोन वर्षांच्या आतली असेल, किंवा त्याच जागेसाठी तुम्हीही अर्ज केला होता, तर हा शब्द पत्रात आणू नका.

## 5. 'तुझी आठवण येईल' हे कसं लिहायचं

हे सगळ्यात अवघड, म्हणून इथे थोडं थांबू.

माझ्या दुसऱ्या खर्ड्यात होतं: 'तुझ्याशिवाय इथे दिवस कसे जाणार कळत नाही. आता कोणाशी बोलू?' सगळं खरं होतं. पण तिच्या जागी बसून वाचलं तेव्हा लक्षात आलं, या दोन्ही वाक्यांना काहीतरी करून हवं आहे. एकाला दिलासा हवा, दुसऱ्या प्रश्नाला उत्तर. आणि ती तर तीन दिवसांनी नव्या जागी, अनोळखी माणसांत बसणार होती. तिच्या हाती हे ओझं मी देत होते.

यातून मार्ग असा: भावना सांगू नका, सवय सांगा. तुमच्या दिवसातली नेमकी कुठली हालचाल तिच्याशी बांधलेली आहे? मी लांबलचक ईमेल आला की खुर्ची डावीकडे वळवते, कारण ती डावीकडे बसायची आणि वाचून एका वाक्यात सार सांगायची. म्हणून मी लिहिलं, 'पुढचे काही महिने मी लांब ईमेल आला की डावीकडे वळेन. वळून परत येईन, काळजी करू नकोस.' यात आठवण आहे, थोडं दुःखही आहे, पण तिच्याकडून मागितलं काहीच नाही.

तपासा: या भागातली प्रश्नचिन्हं मोजा. एकही नसावं. 'आता', 'कसं', 'कोण' हे शब्द एकाच वाक्यात आले की बहुधा बिल तयार झालेलं असतं.

दुसरी टोकाची चूकही होते. काही जण रडगाणं टाळायला इतके सावध होतात की सगळं पत्र 'चल, मजा कर' अशा थाटात जातं. मग तिला वाटतं, हिला काहीच फरक पडला नाही. सवयीचं एक वाक्य तरी राहू द्या.

## 6. शेवट: मोठी वचनं नकोत

'आपण रोज बोलू', 'काहीच बदलणार नाही' ही वचनं पहिल्या महिन्यातच मोडतात. तिला नवी माणसं आणि नव्या पद्धती शिकायच्या असतात, तुमच्याकडे दोघींचं काम असतं. वचन मोडलं की दोघींना अपराधी वाटतं आणि त्या संकोचाने फोन आणखी लांबतो.

त्याऐवजी निभेल असं लहान काहीतरी लिहा, आणि पहिलं पाऊल तुमच्याकडे ठेवा. 'तुझा पहिला महिना गेला की मी फोन करेन' हे चालेल. मग ती तारीख तुमच्या कॅलेंडरमध्ये त्याच दिवशी नोंदवा, नाहीतर लिहू नका. आणि 'तिकडे जागा निघाली तर माझं बघ' हे तर गमतीतही नको. त्या एका ओळीने आधीचं सगळं पत्र अर्जाची प्रस्तावना होऊन बसतं.

## 7. जोडून पाहा

तिसऱ्या खेपेला झालेलं पत्र असं होतं:

> तुला आठवत नसेल, पण माझ्या तिसऱ्या महिन्यात 270 चा फरक निघत नव्हता. तू जाता जाता म्हणालीस, नऊने भाग जातो. आणि मग घरी न जाता शेजारी बसून राहिलीस. चूक तुला तेव्हाच दिसली होती, हे मला खूप नंतर कळलं. तू बोलली नाहीस, म्हणून ती माझी मला सापडली.
>
> परवा नवीन मुलाचा ताळमेळ अडला. मला नोंद दिसत होती. मी तशीच गप्प बसले. पंचवीस मिनिटं लागली त्याला, आणि मला फार जड गेलं. तू हे सहा वर्षं कसं केलंस कोण जाणे.
>
> तिथल्या सहा जणांना प्रश्न विचारायला भीती वाटणार नाही, एवढं मी लिहून देते. बातमी कळली तेव्हा थोडा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.
>
> पुढचे काही महिने मी लांब ईमेल आला की डावीकडे वळेन. वळून परत येईन, काळजी करू नकोस.
>
> तुझा पहिला महिनाअखेर आटोपला की फोन करते.

शंभराच्या थोडी वर शब्दसंख्या आहे. एका पानाच्या पुढे जाऊ नका. लांबलं तर बहुधा दुसरा प्रसंग शिरलेला असतो. तो काढा, तोंडी सांगा. 'मेहनती', 'हुशार' असं एकही विशेषण त्यात नाही, हेही पाहा.

मोठ्याने वाचा. जिथे तुमचा आवाज भाषणाचा होतो, तिथली ओळ बदला. 'आपल्या सहवासातील क्षण' असं तुम्ही तिच्याशी कधी बोलला नसाल तर लिहूही नका. तिला 'तू' म्हणत असाल तर पत्रातही 'तू'च हवं. ती तुमची वरिष्ठ असेल आणि तुम्ही 'अहो मॅडम' म्हणत असाल, तर मैत्री कितीही जवळची असली तरी पत्रात एकदम 'तू'वर येऊ नका. मग एक रात्र जाऊ द्या आणि सकाळी एकदाच वाचा. दहा वेळा घासलेलं पत्र गुळगुळीत होतं.

## 8. कार्ड, भाषण आणि पत्र यांची सरमिसळ टाळा

सगळ्यांच्या कार्डावर तुम्हालाही लिहावं लागेल. तिथे दोन ओळी पुरेत, आणि त्यात पत्रातलं काही वापरू नका. तेच वाक्य दोनदा भेटलं की दोन्हीकडची किंमत जाते. भाषणाचा आग्रह झाला तर वेगळा, हलका प्रसंग सांगा. नऊची गोष्ट मी सर्वांसमोर सांगितली असती तर तो नवीन मुलगा ओशाळला असता.

सावधान: निरोपाच्या कार्यक्रमात पत्र हातात देऊ नका. कोणीतरी 'वाच, वाच' म्हणणारच.

## 9. कधी द्यायचं, आणि नंतर काय

शेवटच्या दिवशी सकाळी दिलं तर ती ते ऑफिसातच वाचेल, दिवसभर डोळे पुसत फिरेल आणि लॅपटॉप-ओळखपत्र परत करायच्या सह्या तशाच राहतील. तिचं सामान भरून झाल्यावर, निघायच्या वेळी द्या. पाकीट बंद असू द्या आणि 'घरी गेल्यावर वाच' एवढंच बोला. घरून काम करणारी असेल तर शेवटच्या दिवशी तिचं लॉगआउट झाल्यानंतर घरच्या ईमेलवर पाठवा.

मग विचारू नका. 'वाचलंस का' हा प्रश्न पाचव्या पायरीत काढून टाकलेलं बिल पुन्हा पाठवतो. काही माणसं अशा पत्राला उत्तर देत नाहीत, त्यांना जमत नाही.

मी ठरल्याप्रमाणे महिन्यानंतर फोन केला. ती घाईत होती, चार मिनिटं बोललो, पत्राचा विषय निघाला नाही. मीही काढला नाही. त्यानंतर दोन आठवड्यांनी, रात्री पावणेदहाला, तिचा मेसेज आला: 'फरक 360. अर्धा तास गप्प बसलेय. तुझी आठवण झाली.'